मदत हवी आहे: ग्रीस रेसिडन्स परमिट, बोटांच्या ठशांसाठी स्लॉट दिसत नाही आणि पोर्टलचे मेसेज कळत नाहीत

कृत्तिका

नमस्कार मंडळी. आम्ही अथेन्समध्ये, कल्लिथेआ भागात राहतो. नवऱ्याकडे ईयू ब्लू कार्ड आहे. मी आणि मुलगा कुटुंबीय म्हणून डी व्हिसावर आलो आणि दोघांचेही व्हिसे १४ डिसेंबरला संपतात. परमिटचे दोन्ही अर्ज portal.immigration.gov.gr वर भरून झालेत. आता ठसे द्यायला वेळ घ्यायची आहे आणि तिथे गाडी अडली आहे.

माझ्या अर्जावर कॅलेंडर उघडतं, पण सगळ्या तारखा करड्या दिसतात आणि वर «Δεν υπάρχουν διαθέσιμα ραντεβού» अशी ओळ येते. मुलाचा पासपोर्ट नंबर टाकला की नोंदच सापडत नाही, त्यामुळे कॅलेंडरपर्यंत पोचताच येत नाही. शिवाय माझ्या अर्जासमोर «Υπό εξέταση» लिहिलंय. म्हणजे अर्ज तपासून होईपर्यंत स्लॉट देणारच नाहीत का? स्लॉट मिळायच्या आत व्हिसा संपला तर काय, ही खरी धास्ती आहे. मुलगा पाच वर्षांचा आहे, जानेवारीत सहा पूर्ण होतील.

तळजाई

Υπό εξέταση म्हणजे अर्ज तपासणीत आहे. तो मंजूर होईपर्यंत थांबावंच लागतं, स्लॉट नंतर उघडतात. फारच घाई असेल तर ऑफिस बदलून बघा. ड्रॉपडाउनमध्ये अथेन्सऐवजी दुसरं शहर निवडलं की हिरव्या तारखा दिसतात. आणि रात्री बारा वाजता बसा, नवीन स्लॉट तेव्हाच टाकतात.

पिरेअसकर

तळजाई, शब्दाचा अर्थ बरोबर सांगितलात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कृत्तिकाताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींचे मेसेज एकत्र वाचताय, म्हणून गोंधळ होतोय. Υπό εξέταση हे फाइलचं स्टेटस आहे. कॅलेंडरवरची ओळ स्लॉटबद्दल आहे. फाइल तपासणीत असतानाच ठसे घेतले जातात, कारण ठसे आल्याशिवाय कार्ड छापायला जाऊच शकत नाही. मंजुरीची वाट पाहत बसलात तर फाइल तुमची आणि तुम्ही फाइलची वाट पाहत राहाल.

वाक्यं पानागणिक थोडी बदलतात, तेव्हा अख्खं वाक्य लावण्याऐवजी त्यातला एक शब्द पकडा. διαθέσιμα म्हणजे उपलब्ध. त्याच्या आधी Δεν किंवा μη दिसलं तर नाही. तुमची ओळ एवढंच सांगते की आत्ता या ऑफिसात, या कामासाठी रिकामी वेळ नाही. अर्ज नाकारला असा त्याचा अर्थ मुळीच नाही. नाकारला असता तर फाइलच्या पानावर απορρίφθηκε दिसलं असतं. स्लॉट घेतल्यावर επιβεβαιώθηκε दिसलं तर वेळ पक्की. εκκρεμεί दिसलं तर काहीतरी बाकी आहे, बहुतेक वेळा ईमेलमधल्या लिंकवर दुजोरा द्यायचा राहिलेला असतो. ακυρώθηκε म्हणजे रद्द. εκκρεμεί पाहून वेळ मिळाली असं समजू नका. पक्कं झालं की पीडीएफ लगेच उतरवून छापून ठेवा.

क्रोमचं आपोआप भाषांतर मात्र बंद करा. ते पानातला मजकूर उचलून त्या जागी स्वतःचा मजकूर घालतं, आणि अशी पानं मग मधेच गोठतात. महिना बदलला तरी जुनीच कॅलेंडर जाळी दिसत राहते. करड्या तारखा खऱ्या आहेत की गोठलेल्या, हे कळायला भाषांतर बंद करून, नव्या खासगी विंडोत लॉगिन करून पुन्हा बघा. ग्रीक ओळ कॉपी करून दुसऱ्या टॅबमध्ये भाषांतराला टाकायला हरकत नाही.

ऑफिस बदलण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. तुमच्या राहत्या पत्त्यावरून जे ऑफिस ठरतं, फाइल तिथेच असते. दुसऱ्या शहराचा स्लॉट पोर्टलने घेऊ दिला तरी तिथल्या खिडकीवर तुमची फाइल नसेल आणि तुम्हाला परत पाठवतील. त्यात मिळालेला दिवसही वाया.

व्हिसाचं आता. मुख्य प्रश्न हा की अर्ज १४ डिसेंबरच्या आत दाखल झालाय का. ठसे त्यानंतर दिले तरी कायदेशीर राहण्याला धक्का लागत नाही. पण "भरून झाला" आणि "दाखल झाला" यात फरक आहे. तुमच्याकडे आलेल्या कागदावर शीर्षक काय आहे? Βεβαίωση κατάθεσης असं असेल, खाली Αριθμός πρωτοκόλλου समोर नंबर असेल, तर सुटलात. तो कागद एक वर्ष चालतो. नुसती "अर्ज मिळाला" अशी ईमेल असेल तर तेवढ्यावर थांबू नका.

राजापूरकर

माझंही असंच काहीसं आहे. Βεβαίωση आहे, ठसे बाकी. दिवाळीला रत्नागिरीला जायचंय, तिकीट फ्रँकफर्टमार्गे स्वस्त पडतंय. स्लॉट परत आल्यावर घेतला तर चालेल ना?

पिरेअसकर

राजापूरकर, हा धागा स्लॉटचा आहे, तरी थोडक्यात: तो कागद ग्रीसमध्ये राहण्याचा आहे, बाकी शेंगेन देशांत फिरण्याचा नाही. डी व्हिसा संपलेला असताना फ्रँकफर्टमार्गे परत यायला निघालात तर विमानात चढतानाच अडवतील. नुसत्या कागदावर ग्रीसमध्ये थेट परतता येतं का, हे त्या वेळी लागू असलेल्या सरकारी निर्णयावर ठरतं. तिकिटाआधी वकिलाला विचारा. स्वस्त म्हणून घेऊन टाकू नका.

कृत्तिका

खूप आभार! माझ्याकडे Βεβαίωση κατάθεσης आहे, प्रोटोकॉल नंबरही आहे, तारीख ऑक्टोबरची. मुलाचीही तशीच आहे. मग त्याची नोंद का सापडत नाही? नंबर त्याच्या Βεβαίωση वरूनच कॉपी करून टाकला, एकेक आकडा पासपोर्टशी ताडून पाहिला.

सह्यकडा

कॉपी केलात तिथेच गोम असणार. पासपोर्ट नंबर Z ने सुरू होतो का? ग्रीक कीबोर्डवरचं झीटा दिसायला हुबेहूब Z, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळं अक्षर आहे. A, B, E, H, K, M, N, P, T यांचंही तेच. एका ठिकाणी ग्रीक अक्षर टाइप झालं आणि दुसऱ्या ठिकाणी लॅटिन, तर शोधात जुळणार नाही आणि डोळ्यांना कधीच दिसणार नाही. ब्राउझरमध्ये F12 दाबून कन्सोल उघडा आणि कागदावरून कॉपी केलेलं पहिलं अक्षर अवतरणचिन्हांत पेस्ट करा:

```
"Ζ".charCodeAt(0)
```

90 आलं तर लॅटिन, 918 आलं तर ग्रीक. एकदा कॉपी केलेला नंबर टाकून बघा, एकदा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून हाताने टाइप करून बघा. दोन्हींनी नाहीच सापडला तर नावाकडे वळा.

नावात आपल्या मंडळींची ठरलेली अडचण असते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पासपोर्टांत दिलेल्या नावाच्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. ग्रीक फॉर्मला वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो, Όνομα πατρός. तिथे वडिलांचं नाव लिहिताना आपण पहिल्या रकान्यातून ते काढून टाकतो, आणि मग पासपोर्ट व अर्ज जुळत नाहीत. पासपोर्टच्या तळाच्या दोन मशीन ओळींत जसं आहे, तसंच्या तसं पहिल्या रकान्यात हवं. वडिलांचं नाव दोन्ही ठिकाणी आलं तरी ते चालतं.

कृत्तिका

918 आलं! हाताने इंग्रजीत टाइप केल्यावर लगेच नोंद सापडली. नाव बरोबर होतं. त्याच्यासाठी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक तारीख रिकामी दिसतेय, मला मात्र अजून एकही नाही. पाच वर्षांच्या मुलाचे ठसे घेत नाहीत असं ऐकलं होतं. मग त्याला स्लॉट कशाला?

पिरेअसकर

युरोपीय नियमानुसार ठसे सहा वर्षांपासून घेतात. त्याआधी ठसे नसले तरी कार्डावर फोटो असतो आणि मुलाला समोर आणावं लागतं, म्हणून प्रत्येकाला आपापला स्लॉट. तुमच्या बाबतीत मेख अशी की जानेवारीअखेरपर्यंत तो सहाचा होईल, तेव्हा त्याचे ठसे घेतील असं धरूनच जा. त्यात अवघड काही नाही, फक्त त्या दिवशी बोटांना जखम किंवा रंग नको. तुमचा स्लॉट वेगळ्या दिवशी पडला तरी त्याचा सोडू नका.

फोटोकडे आत्ताच बघा, कारण स्लॉट मिळूनही माणसं तिथे अडकतात. छापील फोटो चार, आणि तोच फोटो सीडीवर जेपीईजी २००० प्रकारात, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी .jp2. नेहमीच्या .jpg चं नाव बदलून .jp2 केलं तर आतली फाइल जुनीच राहते आणि खिडकीवरच्या मशीनला ती उघडत नाही. तुमच्या विंडोजवर .jp2 उघडली नाही म्हणून ती खराब आहे असंही समजू नका, बहुतेक कॉम्प्युटरांवर ती उघडत नाहीच. स्टुडिओत "άδεια διαμονής साठी फोटो आणि सीडी" एवढं सांगा, त्यांना सवय असते. कार्ड छपाईचे १६ युरो वेगळे, ई-परावोलोवर कोड 2119, दोघांचे दोन. पावती Πληρωμένο दाखवते ना ते बघून छापून न्या.

तळजाई

ऑफिस बदलण्याचं मी मागे घेतो. पण बारा वाजताचं खरं आहे, ओळखीच्या तिघांना तसेच मिळाले.

पिरेअसकर

तिघांना मिळाले असतील. पण अमुक वेळी स्लॉट उघडतात असं कुठेही जाहीर केलेलं नाही. कोणी रद्द केलं की जागा मोकळी होते आणि ते दिवसा कधीही होतं. मला सकाळी ऑफिस सुरू झाल्यावर जास्त दिसलेत, सह्यकडा दुपार सांगतील. जागून तब्येत बिघडवू नका. दिवसातून वेगवेगळ्या वेळी बघा, आणि दर वेळी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. आठवडे गेले तर दोन्ही प्रोटोकॉल नंबर आणि ते स्क्रीनशॉट जोडून ऑफिसला लेखी विनंती करा. आई आणि मूल एकाच कुटुंबाच्या फाइलमध्ये आहेत हे त्यात पहिल्याच ओळीत लिहा.

सह्यकडा

माझंही निरीक्षण दुपारचंच, पण त्यावर पैज लावणार नाही.

एक नक्की सांगतो. "स्लॉट काढून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही टॅक्सिसनेटचा युजर आणि पासवर्ड देऊ नका. त्याच लॉगिनने तुमचं करखातं आणि gov.gr वरची अधिकारपत्रंही उघडतात. तो स्लॉट काढेल, आणि मागाहून तुमच्या नावाने काय सही करेल याचा पत्ता लागणार नाही. आधीच दिलं असेल तर आजच पासवर्ड बदला.

कृत्तिका

दिलेलं नाही, विचार मात्र चालू होता. आता नाही देणार. मुलाची वेळ घेतली, पण पानावर Εκκρεμεί दिसतंय आणि ईमेल आलेली नाही. स्पॅममध्येही नाही.

पिरेअसकर

अर्जात ईमेल कोणाची दिलीय ते उघडून बघा. कुटुंबाच्या अर्जांत पुष्कळदा ती नवऱ्याची किंवा वकिलाची असते आणि लिंक तिकडे जाऊन पडते.

कृत्तिका

नवऱ्याच्या ऑफिसची ईमेल निघाली. त्याला फोन करते.