‘ड्यूटिएबल गुड्स’ला मराठीत काय म्हणावे, आणि लाल मार्गिका कोणासाठी?

म्हापशाहून प्रश्न : माझा मुलगा मस्कतहून दाबोळीला उतरणार आहे. त्याच्याकडे विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेल्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या असतील. कस्टम्सच्या अर्जात ‘ड्यूटिएबल गुड्स’ची एकूण किंमत विचारतात. दुकानच ड्यूटी फ्री असताना या बाटल्या ड्यूटिएबल कशा ठरतील?

फोंड्याहून : मी भाषांतराची कामे करतो. ‘शुल्कपात्र माल’ असा शब्द लिहावा. परदेशात घेतलेली प्रत्येक वस्तू त्यात मोडते, आणि मनाई असलेले काही जवळ असेल तर लाल मार्गिकेतून जावे लागते.

वास्कोहून : मी बरीच वर्षे क्लिअरिंग एजंटकडे काम केले आहे. शब्द ठीक आहे, अर्थ मात्र अर्धाच आहे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यानुसार ज्या मालावर शुल्क लागू होते आणि ते अजून भरलेले नाही, तो माल ड्यूटिएबल. दुकानाच्या पाटीवरच्या ‘ड्यूटी फ्री’चा अर्थ एवढाच, की तिथल्या सरकारचा कर त्या किमतीत धरलेला नाही, आपल्या सरकारने काही माफ केले, असा तो होत नाही. आपल्याकडे दोन लिटरपर्यंत मद्याला सूट आहे, म्हणून दोन बाटल्या सुटतात आणि तिसरी शुल्कपात्र ठरते. सामानाच्या एकूण किमतीवर मिळणारी सवलत शिल्लक असली तरी तिसरी बाटली त्या सवलतीत बसवता येत नाही, आणि लोक नेमके इथेच चुकतात.

लाल मार्गिका मनाई असलेल्या वस्तूंसाठी आहे हे खरे, पण शुल्कपात्र वस्तूंसाठीही तीच आहे. मुलाने तिथे जाऊन तिसऱ्या बाटलीची किंमत सांगावी, दुकानाचे बिल दाखवावे, शुल्क भरावे आणि पावती घ्यावी. हिरव्या मार्गिकेत पाऊल टाकणे म्हणजेच ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ असे निवेदन करणे होय. मग बाटली सापडली तर ती जप्त होऊ शकते आणि दंडही लागू शकतो.

मडगावहून : मी माझा जुना कॅमेरा इथून नेला होता आणि परतताना त्याबद्दल तासभर उत्तरे देत बसलो. तोही शुल्कपात्र का?

वास्कोहून : तुम्ही नेलेलाच कॅमेरा परत आणला, तर प्रश्न शुल्काचा नसून पुराव्याचा आहे. महागडी वस्तू नेताना कस्टम्सकडून निर्यात दाखला घेऊन ठेवला असता, तर तो तास वाचला असता.

फोंड्याहून : चूक मान्य. पण मग सवलतीत बसणाऱ्या दोन बाटल्यांनाही ‘शुल्कपात्र’ म्हणता येईल, कारण ‘पात्र’ने नुसती योग्यता कळते. अर्जात ‘शुल्क देय असलेला माल’ हे अधिक नेमके होईल.

म्हापशाहून : माझ्या मुलाला ‘देय’ लगेच कळले असते. ‘पात्र’ वाचून तो मला म्हणाला, “म्हणजे हे आणायला मी पात्र आहे ना?”