मदत हवी आहे: साखरपुडा झालाय, पण मी थांबलेय ती उपकारांच्या ओझ्यानं

रातराणी
वय 29, पुण्यात नोकरी. आम्ही सहा वर्षं एकत्र आहोत. जानेवारीत साखरपुडा झाला, वैशाखातला हॉल धरलाय. तो माणूस चांगला आहे हे आधीच सांगते, नाहीतर प्रतिसादांत त्यालाच झोडपाल. 2022 मध्ये बाबांची बायपास झाली तेव्हा हा अकरा रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपला. सकाळी आईला चहा आणून द्यायचा आणि तिथूनच ऑफिसला जायचा.

मागच्या महिन्यात तो कामासाठी पंधरा दिवस बंगळुरूला होता. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. तो परत यायच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला. त्याचा फोन वाजला की मी मोबाईल पालथा घालते, मग लाज वाटून दहा मिनिटांनी उगाच लाडात बोलते. सोडायचा विचार आला की डोळ्यांसमोर ते बाकडंच येतं. शिवाय धाकटीसाठी स्थळं बघतायत. माझं मोडलं तर "थोरलीचं का मोडलं?" याचं उत्तर तिला द्यावं लागणार.

हे जुन्या नात्याचं शिळेपण आहे की प्रेमच उरलेलं नाही? कसं ओळखायचं?

अण्णा_सातारकर
लग्नाआधी सगळ्यांनाच धाकधूक होते. आमच्या वेळी तर एकमेकांना नीट पाहिलंही नव्हतं. सहवासानं माया लागते. एवढा गुणी मुलगा सोडू नये.

घरचा_वकील
साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, त्यामुळे घटस्फोट वगैरे लागत नाही. तुम्ही लग्न केलंच पाहिजे असा हुकूम कोणतंही कोर्ट देणार नाही. हॉलवाल्याची पावती मात्र काढून वाचा, रद्द करण्याची अट त्यावर असते.

रातराणी
दादा, प्रश्न हॉलचा नाहीये हो.

सुमेधा_क
मी बरीच वर्षं समुपदेशन करते. अण्णांचं अर्धं बरोबर आहे, सहवासानं माया लागते. पण इथे सहवास सहा वर्षांचा झालाय आणि माया आटतेय.

शिळेपणात माणूस लांब गेला की दोन-चार दिवसांनी त्याची आठवण यायला लागते. तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं. तरी लगेच निष्कर्ष काढू नका, कारण तो गेला तेव्हा कदाचित लग्नाची धावपळही थांबली असेल. मग झोप नक्की कशामुळे लागली? आणि जेवण, मैत्रिणी, काम सगळंच नकोसं झालं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यात माणसाला चांगलं नातंही बेचव लागतं.

बाकड्याबद्दल सांगते. जोडीदार आपल्यावर फार अवलंबून आहे असं वाटलं, तर स्वतः नाखूश असूनही माणूस नातं मोडायला कचरतो, असं समांथा जोएल आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे हे दुष्टपणातून होत नाही, कळवळ्यातूनच होतं. म्हणून एक करून बघा. समजा उद्या त्यानंच नकार कळवला. पहिल्या मिनिटात काय वाटेल ते लिहा. लोक काय म्हणतील ते दुसऱ्या कागदावर.

पावसाळी_ढग
मी त्या बाकड्यावरचा माणूस आहे. म्हणजे तुमचा नव्हे, दुसरीकडचा. माझी मैत्रीण तीन वर्षं दयेपोटी थांबली. मला कळत होतं हो. ती माझ्या विनोदांवर जरा जास्तच हसायची. ती गेली त्याचं दुःख वर्षभर होतं. पण त्या तीन वर्षांतला प्रत्येक फोटो खोटा वाटतो, ते अजून जात नाही. आणि मी तिच्या आजीसाठी जे केलं ते आजीसाठी केलं होतं, हप्ते भरत नव्हतो.

रातराणी
सुमेधाताई, त्या पंधरा दिवसांतही त्याच्या आईचे साड्यांसाठी रोज फोन होते, धावपळ चालूच होती. तरी झोप लागली. कामात, मैत्रिणींत मन लागतं. पहिल्या कागदावर एकच शब्द आला, "सुटले". दुसऱ्यावर मात्र पान भरलं. धाकटी, मावश्या, रविवारची रिकामी संध्याकाळ.

ढग, तुमचं वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

अण्णा_सातारकर
रिकामी संध्याकाळ हलकी समजू नका पोरी. ही गेल्यापासून मला ठाऊक आहे ती.

सुमेधा_क
अण्णा म्हणतात ते खरंय, ती भीती खोटी नाही. फक्त ती एकटेपणाची आहे, त्याच्याबद्दलची नाही. बोलायचं ठरवलंत तर आई-बाबांच्या आधी त्याला सांगा, समोर बसून. त्याच्या चुकांची यादी नको, नाहीतर तो एकेक दुरुस्त करायला घेईल. "थोडा वेळ हवा" असंही नको, तो त्या शब्दाला धरून बसेल. आणि नंतर रोज रात्री "जेवलास का?" विचारू नका. त्यानं तुम्हाला बरं वाटेल, त्याची जखम ओली राहील.

धाकटीच्या स्थळांचं मात्र मी सांगू शकत नाही. एखादं अडेलही. तिलाच विचारा.

रातराणी
तिला काल विचारलं. म्हणाली, "माझ्या नावावर खपवू नकोस." शनिवारी त्याला भेटतेय. त्याच्या आईनं घातलेल्या पाटल्या सोबत नेऊ का?

पावसाळी_ढग
पहिल्या दिवशी नको. बॅगेतून डबी निघाली की तो पुढचं काही ऐकणार नाही.