ब्रेडच्या स्लाइसचे तीन फोटो टाकलेत, कोणता बेक बरोबर आलाय? सल्ला हवा

मृण्मयी_खारघर

नमस्कार मंडळी. घरी सँडविच ब्रेड करते आहे. कृती प्रत्येक वेळी तीच ठेवली आहे: ३५० ग्रॅम मैदा, दूध-पाणी मिळून २२५ मिली, ३० ग्रॅम लोणी, २० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ओटीजीत वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू.

फोटो १: १८० डिग्री, ३० मिनिटं. रात्री काढलाय, पांढऱ्या प्लेटमध्ये. खाली बोटभर जाडीचा ओलसर, चिकट पट्टा दिसतोय.
फोटो २: १८० डिग्री, ४० मिनिटं. दुपारी, ओट्यावर ठेवून. पट्टा नाही, पण कड फोटो १ पेक्षा फिकी दिसते! दहा मिनिटं जास्त भाजूनही?
फोटो ३: २०० डिग्री, ३० मिनिटं. रंग मस्त खरपूस, पण वरच्या कडेखाली मोठी भोकं आणि खाली जाळी गच्च.

पुढच्या वेळी यातलं कोणतं सेटिंग धरू? रंगावर जायचं की जाळीवर?

घोडबंदर_गृहिणी

पहिला सरळ कच्चा आहे गं. चिकट म्हणजे कच्चा. टिनमधून काढून खालून टकटक करून बघ, पोकळ आवाज आला की झाला. मी कायम असंच करते. तिसऱ्याचा रंग बघता २०० वरच ठेव, वेळ थोडा वाढव.

नेरुळकर७४

पाव हवा असेल तर आमच्या सेक्टरमध्ये रोज पहाटे लादी पाव ताजा मिळतो, एकदम लुसलुशीत. घरी एवढा खटाटोप कशाला? वीजबिल बघा.

मृण्मयी_खारघर

काका, पाव बाहेरूनच आणतो आम्ही :) हा मुलाच्या डब्यासाठीचा ब्रेड आहे, घरीच करायचा आहे.

भट्टीवाला_ठाणे

मृण्मयीताई, फोटो १ आणि २ मधल्या रंगाची तुलना बाजूला ठेवा, ती करताच येत नाही. फोनचा कॅमेरा फ्रेममध्ये जे जास्त आहे त्यानुसार उजेड ठरवतो. फोटो २ मध्ये खाली काळा ग्रॅनाइटचा ओटा आहे. फोनला वाटलं अंधार आहे, त्याने सगळं उजळवलं, आणि कड फिकी झाली. फोटो १ मध्ये पांढरी प्लेट, त्यामुळे फोनने उजेड कमी केला. वर घरातल्या दिव्याचा पिवळेपणा. म्हणून कमी भाजलेला ब्रेड जास्त तांबूस दिसतोय.

यापुढे असं करा. स्लाइस नेहमी लोफच्या मधली घ्या, टोकाकडची नाही. खिडकीशेजारी, उजेड बाजूने पडेल अशी ठेवा, फ्लॅश बंद. बाजूच्या उजेडात भोकांची सावली पडते आणि जाळी किती खोल आहे ते कळतं, समोरून उजेड आला की सगळं सपाट दिसतं. खाली दरवेळी तोच पाट किंवा तोच कागद. आणि स्लाइसला लागून पांढऱ्या कागदाचा तुकडा फ्रेममध्ये असू द्या. फोटोत कागद पिवळा किंवा निळसर दिसला तर त्या फोटोतल्या रंगावरून काहीच ठरवायचं नाही. कागद पांढरा आला, पण एका फोटोत उजळ आणि दुसऱ्यात राखाडी, तरी तुलना चुकते. दोन्हीत सारखा दिसला पाहिजे.

आता उजेडावर अवलंबून नाहीत अशा गोष्टी बघू. फोटो १ मध्ये पट्ट्याशिवाय अजून एक खूण आहे: स्लाइसच्या दोन्ही बाजू मध्यावर आत ओढल्या गेल्यात, कंबर असल्यासारख्या. आतला भाग पक्का बसला नव्हता, म्हणून गार होताना भिंती आत आल्या. पण डावीकडे जाळीची भोकं एकाच दिशेला आडवी लोळलीयेत, म्हणजे सुरी ओढली गेलीय. ब्रेड किती वेळाने कापलात?

मृण्मयी_खारघर

साधारण अर्ध्या तासाने. पोरगं थांबेना. कोमट होता. टिनमध्ये दहा मिनिटं ठेवून मग जाळीवर काढला होता.

भट्टीवाला_ठाणे

मग त्या पट्ट्यात दोन कारणं मिसळलीयेत. कोमट ब्रेड कापला की पूर्ण भाजलेलाही चिकट दिसतो, कारण आतली वाफ अजून बाहेर पडत असते आणि स्टार्च घट्ट झालेला नसतो. बाजू आत येणं मात्र कापण्यामुळे होत नाही. म्हणून कमी भाजला हे खरं, पण पट्ट्याची सगळी जाडी त्या खात्यावर टाकू नका. पुढचा ब्रेड पूर्ण गार करून, निदान दोन तासांनी कापा.

घोडबंदरताई, टकटक करून बघणं कडक सालीच्या, टिनशिवाय भाजलेल्या ब्रेडला चांगलं लागू पडतं. दूध-लोणी घातलेल्या मऊ ब्रेडचा आवाज कच्चा असतानाही बराच पोकळ येतो. खात्री हवी तर काडीचा थर्मामीटर बाजूने मध्यापर्यंत खुपसा. असा ब्रेड ९३ ते ९५ डिग्रीला झालेला असतो.

फोटो ३ चा प्रश्न भाजण्याचा नाहीच. वरच्या कडेखाली बोगदे, खाली बारीक गच्च जाळी, आणि नीट बघा, लोफ एका बाजूने फाटलाय. दुसऱ्यांदा फुगवणं कमी पडलं की असं होतं. ओव्हनमध्ये गेल्यावर पीठ एकदम उसळतं आणि जिथे वाट मिळेल तिथून फुटतं. पीठ टिनमध्ये कुठपर्यंत आलं होतं?

मृण्मयी_खारघर

टिनच्या काठाच्या बरंच खाली होतं. क्लासची वेळ झाली म्हणून ओव्हनमध्ये ढकललं.

भट्टीवाला_ठाणे

तेच. बोट हलकं दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर अजून ठेवा. हळूहळू, अर्धवट भरून आला की ओव्हनमध्ये. आपल्याकडच्या उकाड्यात घड्याळ बघून चालत नाही, पावसाळी गार दिवशी तर आणखी वेगळं.

मी तुमच्या जागी असतो तर १८० ला ४० मिनिटंच धरली असती. २०० वर साखर आणि दुधामुळे कड लवकर तांबूस होते, आणि आतलं व्हायच्या आधीच माणूस ब्रेड बाहेर काढतो.

वाशी_अनघा

माझा पण असाच पट्टा यायचा. मी ब्रेड ओव्हनमधून काढल्या काढल्या टिनमधून काढायला लागले, तेव्हापासून गेला. टिनमध्ये वाफ कोंडून तळ ओला होतो. मृण्मयीचंही तेच असेल, दहा मिनिटं फार झाली.

भट्टीवाला_ठाणे

अनघाताई, शक्य आहे. पण कोंडलेल्या वाफेने सहसा बाहेरची साल ओली आणि मऊ पडते, इथे पट्टा आत आहे. फोटोवरून नक्की सांगता येणार नाही. फोटो २ चा ब्रेडही दहा मिनिटं टिनमध्येच होता का? असेल, तर तुमचं कारण मागे पडतं.

मृण्मयी_खारघर

आठवत नाही हो. पुढच्या वेळी लिहून ठेवते.

कळवा_संदीप

मधेच विचारतो. माझा पूर्ण कणकेचा ब्रेड कापताना भुगा होतो, फोटो टाकलाय. भोकं बारीक आहेत. जास्त भाजला जातोय का?

भट्टीवाला_ठाणे

संदीप, कणकेची जाळी बारीकच येते, मैद्याच्या फोटोशी तुलना करू नका. तुमचा वरचा भाग सपाट आणि सुरकुतलेला दिसतोय, त्यामुळे मला जास्त फुगल्याचा संशय आहे. पण पाणी किती घालता ते कळल्याशिवाय पुढे बोलत नाही.

घोडबंदर_गृहिणी

पांढऱ्या कागदाचं आवडलं. पण माझ्या स्वयंपाकघरात खिडकीच्या बाहेर हिरवी शेड आहे, कागदच हिरवट येतो. मग?

भट्टीवाला_ठाणे

मग स्लाइस बाहेरच्या खोलीत किंवा बाल्कनीत न्या, थेट ऊन टाळून. फोटो तिथेच काढा, दरवेळी त्याच जागी.

मृण्मयी_खारघर

रविवारी १८० ला ४० मिनिटं, टिनमधून लगेच काढून, गार करून कापते. कागदासकट फोटो टाकते. एक राहिलंच: फोटो २ मध्ये डावी कड उजवीपेक्षा गडद आहे. ओव्हनचा दोष, की खिडकीचा उजेड?

भट्टीवाला_ठाणे

तीच स्लाइस १८० अंशात फिरवून अजून एक फोटो काढा. गडद बाजू स्लाइसबरोबर फिरली तर ओव्हन, जागेवरच राहिली तर उजेड.