डॉलर विकून विकून रिझर्व्ह बँकेने रुपया वाचवला की फक्त वेळ काढला?

सुदामानगर: सप्टेंबर २०२४ अखेर परकीय चलनाचा साठा ७०५ अब्ज डॉलर होता, जानेवारी २०२५ मध्ये ६२४. तरी रुपया ८४ वरून फेब्रुवारीत ८८ च्या उंबऱ्यावर गेलाच. मग हे ८० अब्ज डॉलर गेले कुठे, आणि त्यातून मिळालं काय?

डीओसीवाला: मिळालं काहीच नाही. आमच्या धंद्याचं मात्र नुकसान झालं. सोयाबीनची पेंड बाहेर पाठवतो. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि छावणी मंडीत भाव त्याच्या बराच खाली. अर्जेंटिनाची पेंड स्वस्त, आणि आपला रुपया दोन वर्षं धरून ठेवलेला. रुपया वेळेवर पडू दिला असता तर तेच गिऱ्हाईक आम्हाला चार रुपये जास्त देऊन गेलं असतं, माळव्यातल्या शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळाले असते. बाजाराचा भाव बाजाराला ठरवू द्या. साठा म्हणजे काय दिवाळीचे फटाके आहेत का, एक-एक करून उडवायला?

लोकमान्यनगर: बँकेच्या डीलिंग रूममध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. आधी ८० अब्जांचा हिशोब. ते सगळे विकलेले नाहीत. साठ्यात युरो, पौंड, येन आणि सोनंही असतं आणि मोजदाद डॉलरमध्ये होते. त्या महिन्यांत डॉलर सगळ्याच चलनांपुढे वधारला, म्हणून एक डॉलरही न विकता आकडा घसरला असता. विक्रीही मोठी होती म्हणा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच महिन्यात निव्वळ २० अब्जांच्या आसपास.

पण खरी गोष्ट साठ्याचा जो आकडा दर शुक्रवारी जाहीर होतो त्यात दिसतच नाही. समजा रिझर्व्ह बँकेने ८६ च्या भावाने १ अब्ज डॉलर विकले. बाजारात डॉलर आले, पण बदल्यात बँकांकडचे ८,६०० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत जाऊन बसले. असं रोज झालं की बँकांना रुपयाच मिळेना. जानेवारी २०२५ अखेरीस ही तूट तीन लाख कोटींच्या वर गेली होती. रुपया वाचवायला डॉलर विकायचे आणि त्यापायी इथे कर्ज महागायचं, ही कोंडी.

ती सोडवायला स्वॅप असतो. रिझर्व्ह बँक तेच १ अब्ज डॉलर बँकांकडून आज घेते, ८,६०० कोटी परत देते, आणि सहा महिन्यांनी तेवढेच डॉलर ठरलेल्या, थोड्या चढ्या भावाने परत द्यायचं वचन देते. ३१ जानेवारीला ५ अब्जांचा सहा महिन्यांचा, २८ फेब्रुवारीला १० अब्जांचा तीन वर्षांचा, असे लिलाव झाले. आता दोन्ही व्यवहार जोडून बघा. साठा जिथल्या तिथे, बँकांकडचे रुपये जिथल्या तिथे, आणि डोक्यावर १ अब्ज डॉलर देण्याचं वचन. म्हणजे डॉलर उधारीवर विकले. हे वचन सप्टेंबर २०२४ अखेर १५ अब्जांच्या घरात होतं, फेब्रुवारी २०२५ अखेर ८९ च्या.

वाचक_राजवाडा: म्हणजे थायलंडच झालं की! तिथेही मध्यवर्ती बँकेने असंच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर, डॉलर विकले होते. कागदावर ३० अब्जांच्या वर साठा, आणि २३ अब्जांहून जास्त आधीच कबूल केलेले. २ जुलै १९९७ ला त्यांचं चलन, बाथ, बाजाराच्या भावावर सोडून द्यावं लागलं. आपलंही तेच होणार.

लोकमान्यनगर: थायलंडची आठवण बरोबर, निष्कर्ष नाही. तिथे साठ्याचा मोठा हिस्सा आधीच दिलेल्या शब्दात अडकला होता आणि हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. शिवाय बाथ जवळजवळ एका ठरावीक भावाला बांधलेला, तो जपायचाच होता. इथे फेब्रुवारी २०२५ अखेरच्या ६३८ च्या आसपास साठ्यातून ८९ वजा करा, ५५० उरतात. आणि वचनाचा आकडा रिझर्व्ह बँक स्वतः छापते, फक्त उशिरा. तुम्हाला बघायचंच असेल तर शुक्रवारचा साठा एकटा बघू नका, त्यातून हा वजा करून बघा. साठा स्थिर आणि वचन फुगतंय, तर बचाव चालू आहे असं समजा.

अनघा_इंदूर: काका, मला एवढंच सांगा, मुलाची अमेरिकेतली फी ऑगस्टमध्ये भरायची आहे. डॉलर आत्ता घेऊन ठेवू का?

लोकमान्यनगर: ताई, भाव कुठे जाईल हे मला कळलं असतं तर मी निवृत्त झालोच नसतो. फी अर्धी आत्ता, अर्धी नंतर भरता येते का विचारा. पण धागा त्याचा नाही.

तेलवाला_सियागंज: डीओसीवाले भिया, तुम्ही पाठवणारे, मी आणणारा. सोया तेल येतं, पैसे नव्वद दिवसांनी द्यायचे. २०२३ पासून रुपया ८३ च्या आगेमागे असा खिळला होता की आमच्या ओळीत कुणी फॉरवर्ड कव्हर घेऊन पुढचा डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवेना. डॉलरमागे चाळीस-पन्नास पैसे कशाला घालवायचे? नोव्हेंबरात ८४ च्या सुमारास पाच लाख डॉलरचा सौदा केला, फेब्रुवारीत ८७ च्या वर भरले. पंधरा लाखांचा फटका. कव्हरला दोन-अडीच लाख लागले असते. माझी चूक, मान्य. पण दोन वर्षं पाळणा हलवून झोपवलं कुणी? पाडायचा होता तर हळूहळू पाडायचा.

डीओसीवाला: हेच तर मी म्हणतोय!

तेलवाला_सियागंज: नाही, तुम्ही मोकळा सोडा म्हणताय. मी हळू म्हणतोय. डिसेंबर-जानेवारीत कुणीच डॉलर विकले नसते तर मला पंधराऐवजी तीस लाख लागले असते.

लोकमान्यनगर: तेलवाल्यांचा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटतो. रिझर्व्ह बँक म्हणते, आम्ही पातळी राखत नाही, फक्त जास्तीची उलथापालथ आवरतो. पण २०२३-२४ मध्ये उलथापालथ इतकी आवरली की पातळी राखल्यासारखंच झालं. डीलरला ते पडद्यावर दिसायचं: एका भावाला दोन-तीन सरकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या वतीने डॉलर विकायला उभ्या, आणि तो भाव ओलांडायची कुणाची हिंमत नाही.

पण डीओसीवाले, दुसरी बाजूही बघा. २०२४ च्या पावसाळ्यात परदेशी पैसा रोख्यांमध्ये येत होता तेव्हा रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेत होती. तो साठा ७०५ वर पोचला तो त्यामुळेही. घेतले नसते तर रुपया आणखी चढला असता आणि तुमची पेंड आणखी महाग झाली असती. तेव्हा हा हस्तक्षेप तुमच्याच बाजूने होता; कुणी तक्रार केलेली आठवत नाही.

डीओसीवाला: त्याबद्दल हरकत नाही. पण काका, रुपया घसरल्याचा फायदा आम्हाला पुरता मिळतो असंही नाही, तेवढं कबूल करतो. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी फोन करून डॉलरमधला भाव पाडून मागतं.

सुदामानगर: मग ८३ ला दीड-दोन वर्षं थांबवणं चूक होती की नाही?

लोकमान्यनगर: माझ्या मते चूक. माझ्याच जुन्या साहेबांचं मत उलट आहे: तेव्हा सोडला असता तर तेलाच्या किमतीने महागाई भडकली असती. आम्ही दोघं दर रविवारी यावर भांडतो. एवढं मात्र झालं की मे २०२५ च्या सुरुवातीला डॉलर कमजोर पडून रुपया क्षणभर ८४ च्या खाली आला, आणि पुढच्या महिन्यांत ते उधारीचं वचन उतरत गेलं.

तेलवाला_सियागंज: मी आता निम्मं कव्हर घेतो. निम्मं अजूनही रामभरोसे.