मदत हवी आहे: पूर्वेच्या खिडकीतला कढीपत्ता पिवळा पडतोय

आमच्या ठाण्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी 3 तासच ऊन येतं. सासूबाईंच्या काढ्याला तुळस, पोटासाठी पुदिना आणि चटक्यावर लावायला कोरफड लावली आहे. पुदिन्याला माती सतत ओलसर लागते, पण तेवढ्या पाण्याने कोरफड मुळाशी कुजते, म्हणून तिला वेगळ्या कुंडीत निम्मी वाळू घातली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, त्यामुळे ती छान फुटतेय.

अडलंय ते कढीपत्त्यापाशी. 12 इंची कुंडीत आहे, पण नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडतंय असं वाटतं. आंबट ताक किती पाणी घालून, किती दिवसांनी द्यावं? की एवढ्या उन्हात तो वाढणारच नाही? कुणी खिडकीत वाढवला असेल तर कृपया सांगा.