अनुभव धागा: पावणेदोन वर्षांचं मूल दुपारी झोपेनासं झालं तर

चिऊची आई: लेक २० महिन्यांची. सकाळी ११ला निजवायला घेतलं की तासभर गादीवर उड्या. दहा दिवस झुंजून मी ठरवलं, दुपारची झोप सुटली हिची. तर आता साडेपाचला वरणभात खाता खाताच पेंगते, रात्री दोनदा रडत उठते, पहाटे पाचला टक्क जागी. त्यात पंख्याच्या सावलीला घाबरायला लागलीय. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

नाशिककर: दात! आमच्याकडे सुळे येताना हेच झालं. हिरडी बघा.

दोघांची आई: दातांनी चार दिवस बिघडतं, महिनाभर नाही. थोरल्याच्या वेळी मीही झोप सुटली असंच समजले होते. २० महिन्यांना ती सहसा सुटत नाही, वेळ पुढे सरकते. तो सातला उठायचा आणि ११ला त्याला झोपच आलेली नसायची. दर दोन दिवसांनी पाव तास पुढे नेत साडेबारावर आणलं, आधी जेवण उरकून. अडीचला उठवायचे, रात्री आठला अंथरुणात. सुरुवातीला दुपारी जेमतेम ४० मिनिटं झोपायचा. त्या दिवशी रात्री साडेसातलाच निजवायचे, कारण जास्त दमला की जास्तच उठायचा. बसायला दोन आठवडे लागले. पहाटे पाचला उठला तरी दिवा लावत नसे.

आजोबा ६७: आमची नात चार महिन्यांची, रात्रभर जागी असते. तिलाही साडेबाराला निजवावं का?

दोघांची आई: नाही हो आजोबा, एवढ्या लहान बाळाला हे लावू नका. ती दिवसातून तीन-चारदा झोपणारच.

सानूचा बाबा: भीतीबद्दल. आमची मिक्सरला घाबरायची, मग अंधाराला. "काही नाही तिथे" म्हणून उपयोग झाला नाही. एका रात्री मी झाडू घेऊन भुताला हाकललं, तर दुसऱ्या दिवसापासून ती भूत शोधायला लागली! शेवटी दिवसाउजेडी बंद मिक्सरला हात लावू दिला, आठवड्याने बटण तिनेच दाबलं. सावलीसाठी टॉर्च घेऊन भिंतीवर ससा करायचो. रात्रीचा दिवा उंचावर होता, त्यानेच सावल्या पडत होत्या. तो दाराआड जमिनीलगत ठेवला. आणि घरात "बागुलबुवा येईल" बंद. यावरून आईशी वाजलं, ते असो.

दोघांची आई: एक विचारते. रडताना चिऊ तुला ओळखते का? धाकटा झोपल्यावर दोनेक तासांत किंचाळायचा, डोळे उघडे, पण मला ढकलायचा. सकाळी काही आठवत नसे. त्याला हलवून जागं केलं की आणखी बिथरायचा. नुसती शेजारी बसायचे. घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.

चिऊची आई: ओळखते, गळ्यातच पडते. घोरत नाही. रविवारी पावणेबाराला निजवलं, सव्वा तास झोपली! पण पाळणाघरात सगळ्या मुलांना ११लाच आडवं करतात, ताई म्हणतात एकटीसाठी वेळ बदलता येणार नाही. यातून कुणी वाट काढलीय का?