मदत हवी आहे: ट्रॅकरचा आकडा ४२ वरून ३६, घसरण खरी की नुसती वरखाली?

अनुजा_नगर: मसाल्याच्या एका ब्रँडचा मासिक सर्व्हे बघते. नाव न सुचवता ब्रँड आठवणारे एप्रिलमध्ये ४४ टक्के, मे ४१, जून ४२ आणि जुलैत एकदम ३६. तीन महिन्यांची सरासरी काढली तरी रेघ ४२.३ वरून ३९.७ वर आली. म्हणजे घसरण खरीच ना? साहेबांना उद्या सकाळी उत्तर हवंय.

कोकण्या: महिन्याला माणसं किती?

सचिन_शेअर: साधी सरासरी सोडा, एक्स्पोनेन्शियल घ्या. निफ्टीवर मी तीच लावतो.

देशपांडेकाका: सचिन, निफ्टीचा भाव प्रत्यक्ष झालेला असतो. इथे दर महिन्याचा आकडा हा अंदाज असतो. ताज्या महिन्याला वजन दिलंस की त्यातली चूकही फुगते.

अनुजा_नगर: ३००. दर महिन्याला नवे लोक. वय-शहराप्रमाणे वेटिंग करतो.

देशपांडेकाका: मग दोन महिन्यांत आठेक पॉइंटचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. वेटिंगमुळे तो आणखी वाढतो. सरासरीचं म्हणशील तर मे आणि जून दोन्हीकडे सारखेच आहेत. उरतं जुलै वजा एप्रिल, भागिले तीन. जुलैत ४२ आले असते तरी एप्रिलचे ४४ गळाल्यामुळे रेघ ०.७ ने उतरलीच असती. एप्रिल-जूनची तुलना जुलै-सप्टेंबरशी कर. तिथे साडेचारच्या पुढे गेलं तर मी लक्ष देईन, वेटिंग असल्याने थोडं जास्तच धरून.

राहुल७७: म्हणजे घसरण झालीच नाही, असं कळवून टाका.

देशपांडेकाका: तसंही म्हणता येत नाही. खरी घसरण चौदाची असू शकते किंवा दोनची वाढही असू शकते.

मीनल: एक्सेलमध्ये रेघेवर राइट क्लिक, `Add Trendline`, `Moving Average`, `Period` 3. झालं!

कोकण्या: मीनलताई, सरासरी त्यांनी काढलीच आहे. अनुजा, जुलैत पद्धत बदलली का?

अनुजा_नगर: पावसामुळे निम्म्या मुलाखती फोनवर घेतल्या. प्रश्न तेच होते म्हणून लिहिलं नाही.

देशपांडेकाका: अगं, हे आधी सांगायचं! घरच्या आणि फोनवरच्या मुलाखती वेगळ्या काढ.

कोकण्या: काका, १५०-१५० मध्ये अकरा पॉइंटचा फरकही योगायोगाने पडेल, त्यातून काय कळणार? फोनवर घाई असते, मुलाखत घेणारा ‘अजून कुठला ब्रँड?’ म्हणून थांबत नाही. त्यापेक्षा माणशी सरासरी किती ब्रँड सांगितले ते बघा. सगळेच ब्रँड खाली आले असतील तर दोष पद्धतीचा.

देशपांडेकाका: हे बघच. पण फोन उचलणारी माणसंही वेगळी असतात, ते यात दिसणार नाही.

अनुजा_नगर: पाहिलं. माणशी ३.४ ब्रँड होते, जुलैत २.९. बाकीच्या पाचांपैकी चार उतरलेत, एक मात्र दोन पॉइंट वर. साहेब नेमके त्याच ब्रँडला घाबरतात. आता त्याचं काय सांगू?